कावळ्याच्या मापाने गरुड: उडत्या पक्ष्याचा पंखविस्तार फोटोवरून कसा काढायचा

मालवणच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या एका सकाळी तपकिरी रंगाचा एक मोठा पक्षी माडांच्या वरून समुद्राकडे निघाला होता आणि दोन कावळे त्याच्या मागे लागले होते. माझ्याबरोबर आलेली पुतणी म्हणाली, "काका, घार आहे." मला ती घार वाटत नव्हती. पण "मोठा दिसतोय" एवढ्यावर कुणाला पटवणार? रिकाम्या आकाशात पक्षी किती मोठा आहे हे डोळ्याला कळत नाही. जवळची घार आणि लांबचा गरुड सारखेच दिसतात.

त्या दिवशी उत्तर कावळ्याने दिलं. कावळा केवढा असतो हे आपल्याला माहीत आहे. तो पक्ष्याच्या शेजारी, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर उडत असेल, तर फोटोतला कावळा हीच आपली मोजपट्टी. पुढे जे सांगतो आहे ते मुख्यतः याच पद्धतीबद्दल आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती सगळ्यात लवकर हाती लागते आणि कावळे शिकारी पक्ष्यांना हुसकावायला कायम तयारच असतात.

आधी हिशेब समजून घ्या

कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असलेल्या दोन वस्तूंचं फोटोतलं गुणोत्तर आणि प्रत्यक्षातलं गुणोत्तर एकच असतं. फोटोत पक्षी कावळ्याच्या अडीच पट रुंद दिसत असेल, तर प्रत्यक्षातही तो अडीच पटच रुंद आहे. लेन्स कोणती, झूम किती, फोटो नंतर क्रॉप केला की नाही, याने काही फरक पडत नाही, कारण दोन्ही मापं एकाच फोटोतली आहेत. सूत्र एवढंच:

```
पंखविस्तार = ओळखीच्या वस्तूचं खरं माप × (पक्ष्याचे पिक्सेल ÷ वस्तूचे पिक्सेल)
```

यात "सारख्याच अंतरावर" ही अट सगळ्यात महत्त्वाची आहे. पक्षी वस्तूपेक्षा दहा टक्के लांब असेल, तर तुमचं उत्तर साधारण दहा टक्के कमी येईल. तो वस्तूपेक्षा जवळ असेल, तर त्याच हिशेबाने जास्त येईल. मी एकदा मच्छीमार बोटीच्या डोलकाठीवरून असाच हिशेब केला आणि साध्या घारीचा पंखविस्तार दोन मीटर काढून बसलो. फोटोत घार डोलकाठीला चिकटून उडताना दिसत होती. प्रत्यक्षात बोट माझ्यापासून घारीच्या दीडपट अंतरावर होती. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये पुढच्या-मागच्या वस्तू अशा जवळजवळ आल्यासारख्या दिसतात, त्यामुळे "फोटोत शेजारी आहे" म्हणजे "खरंच शेजारी आहे" असं धरून चालता येत नाही.

पायरी १: फोटो काढताना

कॅमेरा बर्स्टवर ठेवा आणि एक-दोन फ्रेमवर थांबू नका. पक्षी गिरकी घेत असेल तर पूर्ण गिरकी टिपा. पंखांची रेषा तुमच्या नजरेला काटकोनात येते तेव्हाच पंख पूर्ण लांबीचे दिसतात. पक्षी थेट डोक्यावर असताना, किंवा सरळ तुमच्याकडे येताना वा तुमच्यापासून दूर जाताना असं होतं. तो बाजूने निघून जात असेल तर जवळचा पंख तुमच्याकडे आणि पलीकडचा पंख विरुद्ध दिशेला असतो, आणि दोन्ही फोटोत आखडतात. गिरकीत निदान दोनदा चांगला कोन मिळतो. नेमका कोणता क्षण चांगला होता, हे नंतर निवांतपणे ठरवता येतं.

झूम मध्येच बदलू नका. पुढे कधी एका फ्रेममधला पक्षी आणि दुसऱ्या फ्रेममधला कावळा यांची तुलना करावी लागली, तर झूम तोच असणं गरजेचं आहे. शटर जेवढं वेगवान ठेवता येईल तेवढं ठेवा, कारण पंखांची टोकं हलल्यामुळे पुसट झाली की मोजायला कडच उरत नाही. कावळ्याच्या पंखांसाठी मी १/२००० सेकंदाच्या खाली जात नाही.

कावळा पक्ष्याच्या पाठीवर चोच मारायला येतो तो क्षण सोन्यासारखा आहे. त्या वेळी दोघांमधलं अंतर मीटरभराच्या आत असतं. कावळ्याची सावली पक्ष्याच्या पाठीवर पडलेली दिसली, किंवा कावळ्याचा पाय शेपटीला लागलेला दिसला, तर अंतराचा प्रश्नच मिटला.

पायरी २: कावळा कोणता, ते नक्की करा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे दोन कावळे नेहमी दिसतात. गावकावळ्याची मान राखाडी असते, लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत ४० ते ४३ सेंटिमीटर आणि पंखविस्तार साधारण ७६ ते ८५ सेंटिमीटर. डोमकावळा पूर्ण काळा, जाड चोचीचा आणि अंगाने मोठा असतो. कोकणात माडांच्या बागांत, जंगलालगत आणि किनाऱ्यावर हे दोघेही भेटतात. डोमकावळ्याला गावकावळा समजून हिशेब केला की पक्षी आहे त्यापेक्षा लहान निघतो. फोटो मोठा करून मानेचा रंग बघा. उन्हाच्या विरुद्ध काढलेल्या काळ्या छायाचित्रात मान कळत नसेल तर त्या फ्रेमवर मोजमाप न केलेलं बरं.

पायरी ३: अंतराची खात्री करा

फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करा आणि दोन्ही पक्ष्यांची पिसं किती तीक्ष्ण आली आहेत ते पाहा. लांब पल्ल्याची लेन्स इथे आपल्या बाजूने असते. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ४०० मिलिमीटरची लेन्स आणि एफ ५.६ असेल, तर सुमारे ११० मीटरवर खरोखर तीक्ष्ण येणारा पट्टा पाच-सहा मीटर जाडीचाच असतो. गरुडाच्या डोळ्याची कड आणि कावळ्याच्या चोचीची कड दोन्ही सारख्याच स्वच्छ असतील, तर दोघं या पट्ट्यात आहेत. म्हणजे अंतरामुळे होणारी चूक जास्तीत जास्त पाच-सहा टक्के. पंखाच्या टोकावरून हे ठरवू नका, कारण टोक हालचालीने पुसट झालेलं असू शकतं. डोकं, चोच, छाती यांवरून ठरवा.

मोबाईलच्या फोटोत ही तपासणी चालत नाही, कारण त्यात जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट येतं. तिथे फक्त प्रत्यक्ष स्पर्शाचा किंवा एकाने दुसऱ्याला झाकल्याचा क्षण उपयोगी. झाकल्यामुळे पुढे कोण ते कळतं, किती पुढे ते कळत नाही, हे लक्षात असू द्या.

पायरी ४: पिक्सेल मोजा

मी `GIMP` वापरतो. त्यात `Shift+M` दाबलं की मोजायचं साधन हातात येतं. पंखाच्या एका टोकावर क्लिक करून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं की खाली पिक्सेलमध्ये अंतर दिसतं. पक्षी तिरका असला तरी हे साधन तिरकं अंतरच देतं. नुसता चित्र दाखवणारा प्रोग्रॅम असेल तर दोन्ही टोकांचे आडवे आणि उभे आकडे लिहून घ्या. आडव्या फरकाचा वर्ग आणि उभ्या फरकाचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की तेच माप मिळतं.

टोक म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पिसाचं टोक. गरुडाच्या पंखांच्या टोकाला पिसं बोटांसारखी सुटी असतात, त्यातलं सगळ्यात लांब पोचणारं पीस धरा. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि सरासरी काढा. तीन मापांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक येत असेल तर कड पुसट आहे, फ्रेम बदला.

पायरी ५: पंख पूर्ण पसरलेले आहेत का?

इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण सगळ्या हिशेबात हीच गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची आहे.

पंख नजरेच्या काटकोनापासून १० अंश कलला तर माप दीड टक्का कमी दिसतं, त्याची फिकीर नको. २० अंशाला सहा टक्के, ३० अंशाला तेरा टक्के आणि ४५ अंशाला जवळजवळ तीस टक्के माप गळतं. आता समुद्र गरुड गिरक्या घेताना पंख वर उचलून इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरतो. खालून पाहिलं तर त्याचा पंखविस्तार काही टक्क्यांनी कमीच दिसणार. पुस्तकातला पंखविस्तार मात्र पंख सपाट ताणून मोजलेला असतो. म्हणून फोटोवरून निघालेला आकडा बहुतेक वेळा "किमान एवढा" असा वाचायचा असतो.

कावळ्याच्या बाबतीत उलट होतं, आणि हे नीट समजून घ्या. कावळ्याचे पंख फडफडत असताना वर किंवा खाली असतील तर कावळा फोटोत अरुंद दिसतो. कावळा अरुंद मोजला गेला की गुणोत्तर फुगतं आणि गरुड आहे त्यापेक्षा मोठा निघतो. गरुडाच्या पंखांचा कोन तुम्हाला कमी आकड्याकडे ओढतो, कावळ्याच्या पंखांचा कोन जास्त आकड्याकडे. पक्षी प्रचंड मोठा निघाला तर आधी कावळ्याचे पंख तपासायचे, ते याच कारणाने.

तपासायची एक सोपी रीत आहे. त्याच फ्रेममध्ये कावळ्याची चोचीपासून शेपटीपर्यंतची लांबीही मोजा. गावकावळ्याचा पंखविस्तार त्याच्या लांबीच्या साधारण १.८ ते २.१ पट असतो. तुमच्या फ्रेममध्ये हे गुणोत्तर १.४ आलं तर पंख मिटलेले किंवा उचललेले आहेत, ती फ्रेम सोडा. अडीच आलं तर कावळ्याचं अंग तुमच्या दिशेने वळलेलं आहे, म्हणजे लांबी आखडली आहे. पंख तरीही वापरता येतील, पण लांबी वापरू नका.

बर्स्टमधल्या सगळ्या फ्रेम मोजून प्रत्येक पक्ष्याचं सगळ्यात मोठं माप धरणं हा दुसरा उपाय. दीड-दोन सेकंदांच्या बर्स्टमध्ये दोघांचं तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदललेलं नसतं, त्यामुळे गरुड एका फ्रेममधला आणि कावळा दुसऱ्या फ्रेममधला चालतो. पक्षी वेगाने थेट तुमच्याकडे येत असेल तर मात्र एकाच फ्रेमवर थांबा.

मालवणचा हिशेब

त्या सकाळच्या बर्स्टमधल्या आठ फ्रेम मोजल्या. तपकिरी पक्ष्याचा टोकापासून टोकापर्यंतचा आकडा १७०० च्या पुढे-मागे येत होता, आणि तो आमच्या डोक्यावरून जातानाच्या एका फ्रेममध्ये सगळ्यात जास्त, १९२६ पिक्सेल आला. कावळ्याचे आकडे ४१०, ५९०, ७३३ असे उड्या मारत होते, कारण तो पंख मारत होता. ज्या फ्रेममध्ये गरुड १९२६ होता त्याच फ्रेममध्ये कावळा ७८६ पिक्सेल होता आणि त्याची लांबी ४०२. ७८६ भागिले ४०२ म्हणजे १.९६. पंख पूर्ण पसरलेले, मान राखाडी, दोघांच्या चोची सारख्याच तीक्ष्ण.

१९२६ भागिले ७८६ म्हणजे २.४५. कावळा ८० सेंटिमीटर धरला तर पक्षी १९६ सेंटिमीटर. पण आमच्या कावळ्याचं नेमकं माप आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून दोन्ही टोकं धरली. कावळा ७६ असेल तर पक्षी १८६, कावळा ८५ असेल तर २०८. आता अंतराची सहा टक्के चूक दोन्ही बाजूंना लावली की पल्ला झाला सुमारे १७६ ते २२१ सेंटिमीटर. कावळ्याच्या लांबीवरून स्वतंत्रपणे पाहिलं: १९२६ भागिले ४०२ म्हणजे ४.७९, त्याला ४१.५ ने गुणलं की १९९. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच उत्तर आलं, याने मला आकड्यांपेक्षाही जास्त दिलासा मिळाला.

घारीचा पंखविस्तार दीड मीटरच्या आसपास, ब्राह्मणी घारीचा सव्वा मीटरच्या आत. दोघी बाद. पांढऱ्या पोटाच्या समुद्र गरुडाचा पंखविस्तार १७८ ते २२० सेंटिमीटर, तो बरोबर बसतो. त्याच्या पिल्लावस्थेतल्या पक्ष्याला पांढरं पोट नसतं, तो तपकिरीच असतो, म्हणून घारीशी गोंधळ होतो. राहता राहिला ऑस्प्रे. तो मोठ्यात मोठा १८० पर्यंत जातो, म्हणजे आमच्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला घासून जातो. त्याला आकड्याने बाद करता आलं नाही. तिथे अंगाने मदत केली: ऑस्प्रेचं पोट पांढरं असतं, हा पक्षी खालून तपकिरी होता. शेपूटही पाचरीसारखी निमुळती होती, घारीसारखी खाचेची नव्हती. माप आणि आकार एकमेकांना धरून आले तेव्हा पुतणीने वहीत "घार" खोडली.

कावळा नसेल तर

खांबावरून उडणारा किंवा खांबावर उतरणारा पक्षी चालतो, कारण त्या एका क्षणी तो खांबाच्या अंतरावरच असतो. उच्च दाबाच्या विजेच्या मनोऱ्यावर पोर्सिलिन किंवा काचेच्या तबकड्यांची माळ लटकलेली दिसते. त्यातली नेहमीची तबकडी २५५ मिलिमीटर व्यासाची असते आणि एका तबकडीपासून पुढच्या तबकडीपर्यंतचं अंतर सुमारे १४५ मिलिमीटर.

खाली उभे राहून वर पाहताना उभी माळ आखडून दिसते. नजर ४० अंश वर असेल तर उभं माप जवळजवळ पाऊण पटच उरतं. त्याने हिशेब केला की पक्षी फुगतो. म्हणून माळेची लांबी न घेता तबकडीची रुंदी घ्या. गोल तबकडी कुठूनही पाहिली तरी तिची सगळ्यात मोठी रुंदी २५५ मिलिमीटरच दिसते. एक तबकडी फोटोत फार लहान येते, त्यामुळे पाच-सहा तबकड्यांची रुंदी मोजून सरासरी घ्या. रुंदी वीस पिक्सेलपेक्षा कमी येत असेल तर दोन पिक्सेलच्या चुकीने उत्तर दहा टक्के हलेल, मग तो फोटो सोडून द्या. पॉलिमरच्या नव्या इन्सुलेटरची मापं वेगळी असतात, ती यात धरू नका.

गावातल्या खांबासाठी सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे पक्षी उडून गेल्यावर खांबाजवळ जाऊन खालचा, हाताला पोचेल असा भाग टेपने मोजणं. खांबाची रुंदी, त्यावरचा पत्र्याचा फलक, पट्टी, काहीही. तारांना आणि वरच्या भागाला हात लावू नका. मग फोटो काढला त्याच जागी परत जाऊन, तोच झूम ठेवून, खांब बुडापासून शेंड्यापर्यंत एका फ्रेममध्ये येतो का पाहा. खांब तुमच्यापासून दूर असेल आणि नजर फारशी वर नसेल तर खालचं मोजलेलं माप वरच्या पक्ष्यालाही लावता येतं. खांबाच्या अगदी पायथ्याशी उभे असाल तर नाही, कारण शेंडा तुमच्यापासून बुडापेक्षा कितीतरी लांब असतो.

नोंद कशी लिहायची

एकच आकडा लिहू नका. आमच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: "समुद्र गरुड, अपरिपक्व, १. पंखविस्तार अंदाजे १.९ ते २.१ मी., अंतराची चूक धरून १.७५ ते २.२ मी. शेजारच्या गावकावळ्यावरून (७६ ते ८५ सेंमी धरून), फ्रेम ५, पिक्सेल १९२६ आणि ७८६. दोघे एकाच फोकसमध्ये. घार आणि ब्राह्मणी घार आकारावरून बाद, ऑस्प्रे पोटाच्या रंगावरून बाद." मूळ न कापलेला फोटो त्यासोबत ठेवला आहे, म्हणजे कुणालाही तीच दोन टोकं पुन्हा मोजून पाहता येतील.